आरशाला धक्का लागला, आत्ताच पैसे द्या: रस्त्यावरच्या बनावट अपघातांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावर मुद्दाम घडवलेल्या किंवा घडलाच नसलेल्या अपघाताचे प्रकार बरेच आहेत. इथे त्यातल्या एकाच प्रकारावर भर दिला आहे: दोन गाड्या एकमेकांजवळून जातात, 'ठक्' असा आवाज होतो, दुसऱ्या गाडीचा आरसा फुटलेला दिसतो आणि अनोळखी माणूस जागेवरच रोख भरपाई मागतो. हा प्रकार निवडायचं कारण असं की यात कुणाला लागलेलं नसतं, नुकसान लहान वाटतं आणि म्हणूनच भलीभली माणसं विचार न करता पैसे काढून देतात.

हा बनाव नेमका कसा रचला जातो?

इटलीत हा प्रकार इतका जुना आणि नेहमीचा आहे की 'आरशाची फसवणूक' या नावानेच तो ओळखला जातो आणि तिथले पोलीस लोकांना त्याबद्दल वारंवार सावध करतात. पद्धत ठरलेली असते. आरसा आधीच फुटलेली एक गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते किंवा हळू चाललेली असते. तुम्ही तिच्या शेजारून जाताना आतला माणूस तुमच्या गाडीवर खडा, गोटी किंवा तसलंच काही टणक फेकतो, नाहीतर काठीने पत्र्यावर फटका मारतो. तुम्हाला आवाज येतो. मग ती गाडी मागे लागते, दिवे चमकवते, हॉर्न वाजवते आणि तुम्हाला कडेला घ्यायला लावते.

उतरलेला माणूस बहुतेक वेळा चिडलेला नसतो. आवाज न चढवता, समजुतीच्या सुरात तो म्हणतो, "तुमचं लक्ष नव्हतं वाटतं. जाऊ द्या, होतं असं कधी कधी. पोलीस, विमा कशाला, आरशाचे तेवढे द्या." सोबत कधी बाई असते, कधी लहान मूल. रक्कमही पाकिटात निघेल इतकीच असते. तुम्ही "एवढे नाहीत" म्हणालात तर तो लगेच खाली उतरतो. खरं नुकसान झालेला माणूस आधी दुरुस्तीला किती लागतील ते बघतो. याला तुमच्याजवळ किती आहेत यातच रस असतो.

आवाज मी स्वतः ऐकला. मग ते खोटं कसं असेल?

आवाज खरा असतो, त्याचं कारण खोटं असतं, आणि सगळा डाव यावरच उभा आहे. बंद गाडीत बसलेल्या माणसाला बाहेरून आलेला फटका नेमका कुठे बसला हे सांगता येत नाही, कारण पत्रा त्याचा नाद सगळीकडे पसरवतो. मागच्या दारावर खडा आपटला तरी "आपल्या आरशाकडे काहीतरी झालं" असं नंतर वाटू शकतं, विशेषतः समोरचा माणूस आरशाकडे बोट दाखवत असेल तर. शिवाय आपण गाडी चालवत होतो, क्षणभर नजर दुसरीकडे गेली असेलच, अशी शंका प्रामाणिक माणसाला आधी स्वतःबद्दल येते.

म्हणून "आवाज आला का?" असं कुणी विचारलं तर "हो, आवाज आला" एवढंच म्हणा. "हो, लागलं असेल माझ्याकडून" हे त्याच्या पुढचं वाक्य आहे, आणि तपासणी होईपर्यंत ते बोलायची काहीच गरज नाही.

खूण खरी आहे की बनावट, हे जागेवर ओळखता येतं का?

बऱ्याचदा येतं. त्यासाठी मेकॅनिक असायची गरज नाही, चार गोष्टी शांतपणे बघायच्या असतात.

पहिली गोष्ट उंची. ज्या दोन जागा एकमेकींना लागल्या असं सांगितलं जातं, त्या जमिनीपासून जवळपास सारख्या उंचीवर असायला हव्यात. टेप नसेल तर स्वतःच्या पायापासून कंबरेपर्यंतचं माप पुरतं. तुमच्या आरशाची उंची आणि त्याच्या आरशाची उंची यांत वीतभर फरक असेल तर आरसा आरशाला लागलेला नाही. दारावरचा चरा गुडघ्याच्या उंचीवर असेल आणि तुमच्या गाडीवर त्या उंचीला काहीच खूण नसेल, तर त्याचं उत्तर त्याने द्यायला हवं.

दुसरी गोष्ट दिशा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त सांगून जाणारी हीच आहे. गाडीच्या आरशाची काच मागे बघत असते आणि कवचाचा फुगीर भाग पुढे असतो. तुम्ही त्याच्या उभ्या किंवा हळू गाडीला मागून येऊन ओलांडलं असेल, तर तुमच्या कवचाची पुढची बाजू त्याच्या काचेच्या बाजूवर आपटेल. त्याचा आरसा पुढे ढकलला जाईल, तुमचा मागे दुमडेल, आणि तुमच्या कवचाच्या पुढच्या अंगावर काहीतरी खूण राहील. तो तुम्हाला ओलांडत असताना लागलं असेल तर सगळं उलट होईल: त्याच्या कवचावर पुढून ओरखडा आणि फटका तुमच्या काचेच्या बाजूला. आता कुणी म्हणालं, "मी तुमच्या शेजारून पुढे जात होतो, तुम्ही गाडी आत घेतली आणि माझी काच फुटली", आणि तुमच्या आरशाची काच धड असून तिथे बोटाचा ठसासुद्धा हललेला नसेल, तर ती गोष्ट जुळत नाही. हे शंभर टक्के प्रमाण नव्हे, कारण जोराच्या धक्क्याने उलट बाजूचीही काच तडकू शकते. पण ज्याच्यावर फटका बसला त्या जागी काहीच खूण नाही, असं सहसा होत नाही.

तिसरी गोष्ट खुणेचं वय. ताज्या ओरखड्याच्या कडेला रंगाची बारीक पूड किंवा सालपट दिसतं आणि आतला भाग स्वच्छ असतो. जुन्या ओरखड्यात धूळ बसलेली असते, आणि चरा पत्र्यापर्यंत गेला असेल तर गंजाची तांबूस रेघ दिसते. बनाव करणारे तुमच्या गाडीवरही खूण 'तयार' करतात. तुम्ही त्याचा फुटका आरसा बघत असताना साथीदार तुमच्या दारावर काळ्या मेणखडूने रेघ ओढतो किंवा सँडपेपरचा तुकडा फिरवतो. मेणखडूची रेघ ओल्या बोटाने किंवा रुमालाने पुसली की फिस्कटते. आधी फोटो काढा, मग पुसून बघा. दोन गाड्या खरंच घासल्या असतील तर बहुधा एकीचा रंग दुसरीला लागतो, म्हणून त्याची गाडी पांढरी असताना तुमच्या दारावरची रेघ काळी का, असा साधा प्रश्न मनात यायला हवा.

चौथी गोष्ट म्हणजे काचेचे तुकडे. आरसा फुटला तर तुकडे जिथे फुटला तिथे पडतात. तुम्ही कुठल्या जागी त्याला धक्का दिला असं तो सांगतोय ते विचारा आणि त्या जागेचा फोटो मिळेल का बघा. चौकशी करणाऱ्या पोलिसालाही हा मुद्दा आवर्जून सांगा. मात्र "चला, आपण दोघं मागे जाऊन बघू" हा प्रस्ताव त्याच्याकडून आला तर मान्य करू नका. तुम्हाला गाडीपासून दूर न्यायचा तो बहाणा असू शकतो.

एक सावधगिरी. हे सगळं तुमच्या नोंदीसाठी आहे, त्याच्याशी वाद जिंकण्यासाठी नाही. "तुझी उंची जुळत नाही, तू चोर आहेस" असं तोंडावर म्हणून काही साधत नाही, उलट प्रसंग चिघळतो.

गाडी थांबवायला लावली. पहिली दोन मिनिटं काय करू?

खरा अपघात झाला असता तर जे केलं असतं तेच. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, कारण समोरचा खरा आहे की खोटा हे तुम्हाला ठरवावंच लागत नाही. माणूस खरा असेल तर पोलीस, विमा आणि फोटो त्यालाही हवेच असतात. खोटा असेल तर नेमक्या याच तीन गोष्टी त्याला नको असतात.

जागा उजेडाची आणि वर्दळीची असेल तर कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा. दारं कुलूपबंद, काच बोटभर खाली, इंजिन चालू. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवून थांबा, म्हणजे मागे न जाता बाहेर पडता येईल. शेजारच्या सीटवर पर्स, लॅपटॉप, फोन असेल तर पायाशी सरकवा. काही टोळ्यांसाठी धक्का हा फक्त तुम्हाला खाली उतरवण्याचा मार्ग असतो. तुम्ही एका बाजूला वाद घालत असता आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून साथीदार सामान उचलतो. म्हणून उतरायचंच झालं तर किल्ली हातात आणि गाडी बंद करून.

मग आतूनच, मोठ्या आवाजात पण शांतपणे म्हणा: "कुणाला लागलंय का? मी पोलिसांना फोन करतोय. नोंद करू आणि विम्यातून जे होईल ते करू." हे वाक्य पाठ करून ठेवा, अगदी मोठ्याने म्हणून बघा. त्यात आरोप नाही, कबुली नाही, पैशाचा विषय नाही. आणि फोन खरोखर लावा. भारतात आणि युरोपातल्या देशांत ११२ हा आणीबाणीचा क्रमांक चालतो. दुसऱ्या देशात गाडी चालवायची असेल तर तिथला क्रमांक आधीच फोनमध्ये साठवून ठेवा.

जागा सुनसान असेल तर न थांबता पुढे गेलो, तर पळून गेल्याचा ठपका येईल का?

हा प्रश्न योग्य आहे आणि याचं उत्तर बेफिकिरीने देता येणार नाही. जवळपास सगळीकडे कायदा असा आहे की अपघात झाला तर थांबायचं, जखमीला मदत करायची आणि कळवायचं. म्हणून माणूस किंवा दुचाकी आडवी आली असेल, कुणी पडल्याची थोडीही शक्यता असेल, तर निघून जायचं नाही. गाडीत बसून पोलीस आणि रुग्णवाहिका बोलवायची, पण जागा सोडायची नाही. सोडावीच लागली तर ती जिवाला थेट धोका असेल तरच.

फक्त पत्र्याला धक्का लागल्याचा दावा असेल, अंधार असेल, गाडीत तीन-चार माणसं दिसत असतील, तर वेग कमी करा, धोक्याचे दिवे लावा आणि जवळच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा पोलीस चौकीपर्यंत जा. पळून जाणं आणि सुरक्षित जागी जाणं यांत फरक दाखवणारी गोष्ट म्हणजे तुमचा फोन. चालत्या गाडीतून हँड्सफ्रीवर पोलिसांना सांगा: "एक गाडी मला थांबवतेय, धक्का लागला असं म्हणतायत, मी अमुक पंपावर जाऊन थांबतोय, कुणाला तरी पाठवा." कॉलची वेळ नोंदली जाते. अनेकदा मागची गाडी पंपाच्या उजेडात शिरतच नाही.

एक प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगाल का?

समजा, एक बाई संध्याकाळी एकट्या गाडी चालवत घरी निघाल्या आहेत. दुपदरी रस्ता, कडेला एक करड्या रंगाची गाडी उभी. तिच्या शेजारून जाताना 'ठक्' असा आवाज. दोन मिनिटांनी तीच गाडी मागे, दिवे चमकवत. बाईंना आधी आठवतं ते एवढंच की आपण आवाज ऐकला. त्या लगेच थांबत नाहीत. पुढे पंपाचे दिवे दिसतात, तिथे वळतात आणि भरपूर उजेड असलेल्या कोपऱ्यात गाडी लावतात. करडी गाडीही येते, थोडं अंतर राखून थांबते.

एक मध्यमवयीन गृहस्थ खाली उतरतात. हाताने फुटक्या आरशाची चौकट दाखवतात. बाई काच बोटभर खाली करून ते पाठ केलेलं वाक्य म्हणतात. गृहस्थ हसतात: "अहो ताई, एवढ्याशा गोष्टीला पोलीस? मला गावाला जायचंय, उशीर होतोय. निम्मे द्या." बाई उत्तर देत नाहीत, फोन कानाला लावतात आणि पत्ता सांगायला लागतात. गृहस्थ म्हणतात, "विम्यात गेलात तर तुमचंच नुकसान." बाई त्यांना सांगतात, "चालेल. तुमचं लायसन्स आणि विम्याचा कागद दाखवाल का? मी माझा दाखवते." आता ते पहिल्यांदा चिडतात आणि गाडीकडे जातात.

या वेळात बाईंनी आतूनच पुढच्या काचेतून नंबर प्लेटसकट दोन फोटो काढले आहेत. गाडी निघून जाते. बाई तरीही निघून जात नाहीत. पंपावरच्या कामगाराला सोबत घेऊन स्वतःची गाडी बघतात. आरसा जागच्या जागी आहे, कवचावरची धूळसुद्धा अखंड. मागच्या दारावर मात्र नखाएवढा खळगा आहे, खडा लागल्यासारखा. त्याचा फोटो, मग पोलिसांना नंबर, वेळ आणि जागा, आणि घरी पोचल्यावर विमा कंपनीला एक ईमेल.

यात लक्ष देण्यासारख्या जागा दोन: कागद मागितल्यावर गृहस्थांचा सूर बदलला ती, आणि ते गेल्यावरही बाईंनी नोंद पूर्ण केली ती. दुसरी गोष्ट बहुतेक जण करत नाहीत. सुटलो, असं म्हणून निघतात. मग तोच माणूस महिन्याने "ही गाडी मला धडकून पळाली" अशी तक्रार घेऊन आला, तर हातात काहीच नसतं.

चूक खरोखर माझी असेल तर? तेव्हा जागेवरच मिटवणं माणुसकीचं नाही का?

चूक तुमची असू शकते. समोरचा प्रत्येक माणूस ठग नसतो, आणि खऱ्या माणसाला ठगासारखं वागवणं वाईटच. पण नोंद केल्याने त्याचं काही बुडत नाही. त्याचा नंबर घ्या, तुमचा द्या, दोघांचे लायसन्स आणि विम्याचे तपशील एकमेकांना दाखवा, फोटो काढा. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा कागद बघून थेट पैसे द्यायचे असतील तर तेही करता येतं, तेव्हा मात्र पावती आणि "यापुढे या घटनेबाबत मागणी नाही" असं लेखी घ्या.

युरोपात यासाठी अपघाताचा एक संयुक्त अर्ज वापरतात. वेगवेगळ्या भाषांत छापला तरी त्याची मांडणी सारखीच असते, त्यामुळे भाषा येत नसली तरी दोन चालक एकाच जागी एकच माहिती भरू शकतात. त्यात गाड्यांच्या जागेचं साधं चित्र काढायचं असतं आणि पहिला धक्का कुठे बसला ते बाणाने दाखवायचं असतं. असा अर्ज तुमच्याकडे नसेल तर कोऱ्या कागदावर असंच चित्र काढून दोघांनी सही केली तरी खूप उपयोग होतो. खोटं बोलणाऱ्याला चित्र काढणं फार जड जातं.

"विम्यात गेलात तर हप्ता वाढेल." हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे, म्हणूनच ते चालतं. दावा केला तर पुढच्या नूतनीकरणात नो क्लेम बोनस जाऊ शकतो. पण घटना कळवणं आणि दावा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहन विम्याच्या अटींत अपघात लवकर कळवायला सांगितलेलं असतं, आणि कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नका किंवा पैशाचं वचन देऊ नका, असंही बहुधा असतं. म्हणजे "आपापसात मिटवू" म्हणून तुम्ही रोख दिली आणि त्याने नंतर पुन्हा विम्याकडे दावा टाकला, तर दोन्हीकडून तुम्हीच अडकता. तुमची रोख रक्कम तेव्हा चुकीची कबुली म्हणून पुढे केली जाते.

चालणारा माणूस म्हणतोय, पायावरून चाक गेलं किंवा फोन पडून फुटला. तेव्हा काय?

इथे नियम अधिक कडक: माणसाला लागल्याचा दावा असेल तर त्याला खरंच मानून वागा. डोक्याला मार लागलेला किंवा आत दुखापत झालेला माणूस सुरुवातीला चालता-बोलता दिसू शकतो. रुग्णवाहिका बोलवा, पोलिसांना कळवा, त्याला हलवू नका, आणि स्वतःच्या गाडीत घालून नेण्यापेक्षा मदत येईपर्यंत थांबणं बरं. तो "दवाखाना नको, फक्त औषधाचे पैसे द्या" म्हणाला तरी रुग्णवाहिका रद्द करू नका. खऱ्या जखमीचं त्यात भलंच आहे, आणि खोटा माणूस सायरन ऐकून बरा होतो.

फुटलेल्या फोनचं वेगळं. स्क्रीन आधीच फुटलेला असू शकतो. कॅमेऱ्यासमोर त्याला फोन हातात धरून दाखवायला सांगा, तडे किती आणि कुठून सुरू झालेत त्याचा फोटो घ्या, आणि पुन्हा तेच वाक्य: नोंद करू, मग बघू.

दुसरा एक माणूस येऊन म्हणतो, "मी बघितलं, चूक तुमचीच." त्याचं काय करायचं?

त्याचं स्वागत करा आणि पोलीस येईपर्यंत थांबायला सांगा. नाव आणि फोन नंबर विचारा. टोळीतला 'साक्षीदार' ही दोन्ही वाक्यं ऐकून पसार होतो. कुणी साध्या वेशात "मी पोलीस आहे, माझ्यासमोर मिटवा" म्हणाला तर ओळखपत्र काचेवर धरायला सांगा आणि आणीबाणीच्या क्रमांकावरून त्याची खात्री करून घ्या. पोलीस रस्त्यावर दोघांमधली खासगी रक्कम गोळा करून देत नाहीत.

ते धमकावू लागले, गाडीभोवती गोळा झाले. तरीही पैसे नाकारायचे?

नाही. हत्यार दिसलं, काच फोडायला लागले, किंवा गाडी पुढे-मागे दोन्हीकडून अडवली असेल, तर पैसे द्या. हा आता अपघाताचा वाद राहिलेला नाही, ही लूट आहे. चीनमध्ये अशा बनावट धडकांच्या टोळ्यांसाठी २०२० साली सर्वोच्च न्यायालय, सर्वोच्च सरकारी अभियोग कार्यालय आणि पोलीस मंत्रालयाने मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा की प्रकरणाला एकच लेबल न लावता काय घडलं ते बघायचं: फसवून पैसे घेतले तर फसवणूक, धमकावून घेतले तर खंडणी, मारहाण करून घेतले तर दरोडा. तक्रार लिहिताना हा फरक तुम्हीही लक्षात ठेवा. "त्याने पैसे मागितले" एवढंच लिहू नका. त्याने कोणते शब्द वापरले, हातात काय होतं, गाडी कशी अडवली, हे लिहा.

मोबाइलवरून पैसे पाठवायला लावलं तर मागितलेली रक्कमच पाठवा, फोन त्याच्या हातात देऊ नका. पाठवताना स्क्रीनवर जे नाव दिसतं ते वाचून ठेवा. रोख रकमेला माग नसतो, अशा व्यवहाराला असतो.

डॅशकॅमचा या प्रकारात उपयोग होतो का? आरसा तर बाजूला असतो.

होतो, पण लोक समजतात त्या कारणाने नव्हे. पुढचा कॅमेरा बाजूचा आरसा दाखवत नाही. तो दाखवतो ती तुमची लेन, तुमच्या आणि त्या गाडीच्या मधलं अंतर, आणि मुख्य म्हणजे ओलांडण्याआधी त्याचा आरसा कसा होता ते. फुटका आरसा जवळ येताना चित्रात दिसला की विषयच संपतो. शिवाय कॅमेऱ्याचा मायक्रोफोन चालू ठेवा, म्हणजे फटक्याचा आवाज नेमका कोणत्या क्षणी आला हे कळतं. मागचा कॅमेरा असेल तर पाठलाग आणि नंबर दोन्ही मिळतात.

रशियात असे कॅमेरे गाड्यांत सर्रास असतात आणि बनावट धडका हे त्याचं एक कारण. २०१३ मध्ये चेल्याबिन्स्कवर उल्का आली तेव्हा तिची इतकी चित्रणं जगाला मिळाली ती यामुळेच.

एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळे विसरतात. डॅशकॅम छोट्या छोट्या फाइल करतो आणि कार्ड भरलं की सर्वात जुन्या फाइलवर नवी लिहितो. ३२ जीबीच्या कार्डावर साधारण काही तासांचंच चित्रण राहतं. प्रसंग घडल्यावर लगेच फाइल लॉक करण्याचं बटण दाबा, आणि घरी पोचल्यावर कार्ड काढून प्रत करा. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर आहे ना, हे आजच बघा. चुकीची वेळ असलेलं चित्रण पुरावा म्हणून कमकुवत ठरतं.

फोटो कसे काढू म्हणजे ते कामी येतील?

आधी लांबून: दोन्ही गाड्या, दोन्ही नंबर प्लेट आणि मागे एखादी ओळखू येणारी खूण एकाच चौकटीत. मग मधल्या अंतरावरून दोन्ही आरसे. शेवटी जवळून, खुणेशेजारी नाणं किंवा किल्ली धरून, म्हणजे आकार कळतो. काटछाट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकुंचन पावतो आणि त्यातली वेळ-जागेची माहिती निघून जाते. पोलिसांना किंवा विमा कंपनीला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या.

मी पैसे देऊन बसलो. आता काही करता येईल का?

येतं, आणि लाज बाळगून गप्प बसू नका. पटकन निर्णय घ्यायला लावणं हेच त्या माणसाचं कौशल्य होतं. त्याच दिवशी आठवेल ते सगळं लिहून काढा: वेळ, जागा, गाडीचा रंग, नंबरचे आठवणारे आकडे, बोलण्यातली वाक्यं. पोलिसांत तक्रार द्या. एका तक्रारीने आरोपी सापडेलच असं नाही, पण त्याच रस्त्यावर तोच फुटका आरसा दुसऱ्या कुणाच्या तक्रारीत आला की धागा जुळतो. मोबाइलवरून पैसे गेले असतील तर बँकेला त्याच तासाला कळवा. खात्यातून पुढे जाण्याआधी रक्कम थांबवता येण्याची शक्यता सुरुवातीलाच असते. जवळपासच्या पंपावर किंवा दुकानात कॅमेरा असेल तर चित्रण जपून ठेवायची विनंती लगेच करा, कारण तिथेही जुनं पुसलं जातं. आणि विमा कंपनीला "दावा करत नाही, फक्त घटना कळवतो" असं लेखी कळवा.

काही आठवड्यांनी त्याच घटनेबद्दल नोटीस किंवा फोन आला तर?

फोनवर काहीही मान्य करू नका, घटनेचं वर्णनही करू नका. तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि मागणी लेखी पाठवायला सांगा. आलेलं पत्र जसंच्या तसं विमा कंपनीकडे द्या आणि सोबत तुमचे फोटो, ११२ च्या कॉलची वेळ, तक्रारीचा क्रमांक जोडा. पत्रातलं नुकसान आणि तुमच्या फोटोतलं नुकसान शेजारी ठेवून बघा: जागेवर फक्त आरसा फुटला होता आणि पत्रात दार, बंपर आणि मानेचं दुखणंही आलं असेल, तर ही तफावत विमा कंपनीला वेगळ्या ओळीत लिहून दाखवा. समोरच्याला उत्तर तुमच्या वतीने कंपनीच देईल.